पन्नास कमेंट, गिऱ्हाईक एकही नाही

रात्री साडेआठच्या सुमारास टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये लिंका पडायला लागतात. कुणाचं रील, कुणाचा फोटो. नियम साधा असतो. आपली लिंक टाकायच्या आधी वरच्या दहा लिंका उघडायच्या, प्रत्येकीला लाइक द्यायचं आणि किमान चार शब्दांची कमेंट लिहायची. नुसता इमोजी चालत नाही. काही ग्रुपांत या नियमाला ‘डीएक्स टेन’ म्हणतात; मोठ्या ग्रुपांत दहाच्या जागी तीस असतात आणि फुकट्यांना पकडायला एक बॉटही बसवलेला असतो. ज्याने घेतलं पण दिलं नाही, त्याची हकालपट्टी. या मंडळाला एंगेजमेंट पॉड म्हणतात.

पॉडने आकडा वाढतो, हे काही खोटं नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली टेलिग्रामवरचे चारशेहून अधिक पॉड आणि त्यांतून फिरलेल्या सुमारे १८ लाख इन्स्टाग्राम पोस्ट तपासल्या, तेव्हा पॉडमध्ये गेल्यावर कमेंट ठळकपणे वाढतात असंच त्यांना दिसलं. नुकसान होतं ते दुसरीकडे, आणि तिथला आकडा सहसा कुणी बघत नाही.

उदाहरणादाखल पैठणी विकणारं येवल्याचं एक खातं डोळ्यांसमोर आणू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिशेब रोजच्या पाहण्यातला आहे. फॉलोअर चौदाशे, त्यातल्या बहुतेक नाशिक, पुणे, मुंबईकडच्या बायका. साधारण पोस्टला सत्तर लाइक यायचे, म्हणजे शेकडा पाच. खाली प्रश्न यायचे: ‘किंमत सांगा’, ‘नऊवारी मिळेल का?’, ‘हा काठ हातमागाचा आहे ना?’ मालकीण पन्नास जणांच्या पॉडमध्ये गेली. त्यात दिल्लीचा जिम ट्रेनर, इंदूरचा वास्तुतज्ज्ञ, दोघं-तिघं शेअर बाजार शिकवणारे. आता मुनिया काठाच्या रीलखाली ट्रेनर लिहितो, ‘खूपच सुंदर काम, ताई!’ आणि ताई त्याच्या डंबेलच्या रीलखाली तेच लिहून येते. किंमत मात्र यातला कुणीच विचारत नाही.

इन्स्टाग्राम नवी पोस्ट आधी थोड्या लोकांपुढे ठेवतं. ते थांबून पाहतात का, लाइक देतात का, कुणाला पाठवतात का, यावर पुढे किती जणांना आणि कोणत्या जणांना दाखवायची ते ठरत जातं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी पाहण्याचा वेळ, लाइक आणि डायरेक्ट मेसेजमधून पाठवणं या तीन खुणा सर्वांत महत्त्वाच्या असल्याचं सांगितलं आहे. पॉडवाला लाइक देतो, पण रील दोन सेकंदांत पुढे सरकवतो आणि पैठणी बहिणीला पाठवत नाही. वर, आपल्या मालकिणीचं खातं रोज रात्री जिम आणि शेअर बाजारात फिरत असतं. हे खातं नेमकं कुणाच्या कामाचं, याचा यंत्राला लागणारा अंदाज दोन्हीकडून बिघडतो. त्यात तेच पन्नास जण त्याच तासात एकमेकांच्याच पोस्टवर दिसत राहतात. तो नमुना ओळखायला फार मोठी अक्कल लागत नाही.

मग येतो फॉलो-अनफॉलोचा डाव. साड्यांच्या एखाद्या मोठ्या पेजचे फॉलोअर उघडायचे, रोज दोनशे जणांना फॉलो करायचं, परत फॉलो आला की काही दिवसांनी आपलं फॉलो गुपचूप काढून घ्यायचं. दहातल्या एकाने परतफेड केली असं धरलं, तर महिन्याला सहाशे फॉलोअर वाढले. पण त्याच महिन्यात आपण सहा हजारांना फॉलो करून बसलो, आणि इन्स्टाग्रामची मर्यादा ७,५०० आहे. म्हणजे काढाकाढी आलीच. शिवाय झटकन परतफेड करणारे कोण असतात? बहुतेक करून हाच डाव खेळणारे दुसरे विक्रेते. आता खात्याचे फॉलोअर दोन हजार झाले, पोस्टला लाइक नव्वद. वरवर बरं दिसतं. त्यातले पन्नास पॉडचे वजा करा. खरे उरले चाळीस. पूर्वी सत्तर होते. शेकडा पाचावरून शेकडा दोनवर. नवे सहाशे जण पोस्ट पुढे ढकलून देतात, आणि त्याचा फटका जुन्या चौदाशेंपर्यंत पोचण्यालाही बसतो.

हे सगळं हाताने करून कंटाळा आला की माणूस बॉटकडे वळतो. झोपेत फॉलो करणारा, हॅशटॅग शोधून कमेंट टाकणारा. या धंद्यातलं गाजलेलं नाव इन्स्टाग्रेस. इन्स्टाग्रामच्या सांगण्यावरून ते एप्रिल २०१७ मध्ये बंद झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की, अशा ॲपमधून आलेले लाइक, फॉलो आणि कमेंट काढून टाकले जातील आणि ती वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं जाईल. तरी नवनव्या नावांनी दुकानं उघडतच असतात.

ऑटोमेशन म्हटलं की सगळंच वाईट, असं मात्र नाही. पोस्ट ठरल्या वेळी टाकणं, ‘किंमत’ असं लिहिणाऱ्याला आपोआप मेसेज पाठवणं, यासाठी इन्स्टाग्रामनेच बाहेरच्या ॲपना अधिकृत दार ठेवलं आहे. पण दुसऱ्याला फॉलो करणं किंवा दुसऱ्याच्या पोस्टला लाइक देणं त्या दारातून होतच नाही. म्हणून जे ॲप ‘ऑटो फॉलो’ कबूल करतं, ते कितीही गोड बोललं तरी मागच्या दारानेच आत शिरतं, आणि त्यासाठी बहुधा तुमचा पासवर्ड मागतं. एकदा तो दिला की तुमचं खातं भलत्याच गावच्या सर्व्हरवरून उघडलं जातं. तो पासवर्ड उद्या कुणाच्या हाती पडेल, हे ॲपवालाही सांगू शकणार नाही.

खात्याची तब्येत बिघडतेय, हे सहसा टप्प्याटप्प्याने कळतं. आधी पडद्यावर `Try Again Later` येतं आणि लाइक किंवा फॉलो काही काळ अडतात. नेमकी किती फॉलो चालतात हा आकडा इन्स्टाग्राम प्रसिद्ध करत नाही. ‘रोज इतके सुरक्षित’ असं छातीठोक सांगणारे अंदाजच विकत असतात. पुढे ऑटोमेशनचा संशय असल्याची सूचना येते. सर्वांत चुकवण्यासारखा टप्पा मात्र गुपचूप येतो: सेटिंगमधल्या `Account Status` मध्ये तुमचा मजकूर अनोळखी लोकांना सुचवला जाणार नाही असं लिहून येतं. खातं चालू असतं, पोस्ट पडत असतात, फक्त नवं कुणी येत नाही. प्रोफेशनल खातं असेल तर `Insights` मध्ये फॉलोअर नसलेल्यांचा वाटा, सेव्ह आणि शेअर बघा. लाइक टिकून आहेत पण हे तिन्ही घसरलेत, म्हणजे लाइक कुठून येताहेत ते उघड आहे.

येवल्याच्या खात्याने काय करावं? आधी पासवर्ड बदलावा, टू-फॅक्टर चालू करावं, अनोळखी ठिकाणचे लॉग-इन बंद करावेत आणि `Apps and websites` मधून ते ॲप काढून टाकावं. हा क्रम पाळावा, कारण ॲपला पासवर्ड ठाऊक असेल तर नुसतं तिथून काढून भागत नाही. मग काही दिवस फॉलो-अनफॉलो पूर्ण बंद. पॉड सोडल्यावर कमेंट एकदम कोसळतील. घाबरून परत जायचा मोह इथेच होतो. नको असलेले फॉलोअर काढायचे तर थोडे थोडे, कारण एका बैठकीत शेकडो काढणं हीदेखील यंत्राला बॉटचीच हालचाल वाटते. तोवर ज्या बायका खरोखर नऊवारीची चौकशी करतात, त्यांच्यासाठी काठाची वीण जवळून दाखवणारी, किंमत आणि लांबी स्पष्ट सांगणारी रीलं टाकत राहायची. लाइक चाळीसच राहिले तरी ते रील कितीजणींनी दुसरीला पाठवलं, हा आकडा दर आठवड्याला वहीत लिहून ठेवावा. सुधारणा झाली तर आधी तिथे दिसते, फॉलोअरच्या आकड्यात बरीच नंतर.