शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोहोचतो का?

पालकहो, पहिल्या सत्रात नववीची मुलं गावच्या नळाच्या पाण्याची तपासणी करणार आहेत. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात नववीला जलसुरक्षा हा श्रेणी विषय आहे, त्याचाच हा भाग. सत्र सुरू झालं की दरवर्षी घरोघरी तोच प्रश्न निघतो: पाणी तपासायला प्रयोगशाळा आहे, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे, मग पोरांनी सकाळी साडेपाचला बाटल्या घेऊन गल्लीत कशाला उभं राहायचं? आणि याचे गुण देणार कसे? दोन्हींचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण या प्रकल्पाची गुण देण्याची पद्धत पेपरासारखी नाही.

प्रश्न मी मुद्दाम एकच ठेवला आहे. टाकीत टाकलेल्या टीसीएलमधला क्लोरीन शेवटच्या गल्लीतल्या नळापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचत नसेल तर वाटेत त्याचं काय होतं? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, क्लोरीन टाकून निर्जंतुक केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा लागतो. वाटेत कुठे थोडी घाण शिरलीच तर हा उरलेला क्लोरीन तिच्याशी लढतो. तोच शून्य झाला, तर त्यापुढे पाण्याला राखण उरत नाही.

मुलं सुरुवात करतात ती हिशेबापासून. समजा टाकी 50,000 लिटरची आहे आणि तिच्यात 250 ग्रॅम टीसीएल पडते. पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. म्हणजे 82.5 ग्रॅम क्लोरीन पडला, लिटरमागे 1.65 मिलिग्रॅम. पण तीच पिशवी तोंड उघडी ठेवून दमट खोलीत पडून राहिली आणि क्लोरीन 20 टक्क्यांवर आला, तर हिशेब 50 ग्रॅमवर, म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅमवर येतो. माप तेच, पावडर तेवढीच, पण औषध पावणेदोनाऐवजी एकच. पावडर कधी आली आणि कुठे ठेवली आहे, हे विचारणं म्हणूनच तपासणीचा भाग ठरतं.

टाकीतल्या क्लोरीनपैकी काही भाग लगेच खर्च होतो. पाण्यातला पालापाचोळ्याचा अंश, लोह, गढूळपणा यांच्यावर तो आधी जातो आणि त्यानंतर जे उरेल तेच नळाला येतं. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं की नेहमीचंच माप अपुरं पडतं. मुलं जूनअखेर, ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये नमुने घेणार आहेत, ते हा फरक दिसावा म्हणून.

शिल्लक क्लोरीन मोजायला ग्रामपंचायतीत वापरतात तोच क्लोरोस्कोप आम्ही वापरतो. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे आणि आलेला पिवळा रंग शेजारच्या रंगपट्टीशी लावून पाहायचा. रंग लगेच वाचावा लागतो, कारण पाण्यात इतर पदार्थांशी बांधला गेलेला क्लोरीनही थोड्या वेळाने रंग देतो आणि आकडा फुगतो. बाटली उन्हात घरी नेऊन दुपारी तपासली तर उलट घडतं, क्लोरीन उडून गेलेला असतो. म्हणून मोजणी नळापाशीच होते. ओटी हे रसायन हाताळायला चांगलं नाही. थेंब मी स्वतः हातमोजे घालून टाकते, मुलं रंग वाचतात, आणि तपासलेलं पाणी कुणीही तोंडाला लावत नाही.

दुसरी तपासणी काळ्या रंगाच्या बाटलीची, तिला एचटूएस चाचणी म्हणतात. बाटलीत आधीच वाळवलेलं औषध असतं. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून 24 ते 48 तास उबदार जागी ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्यासोबत येणारे जंतू असण्याचा संशय घ्यायचा. मी संशय म्हणते, कारण ज्या भूजलात मुळातच गंधकाचे क्षार किंवा त्यावर जगणारे निराळे जंतू असतात तेही बाटली काळी करू शकतं. आणि बाटली काळी झाली नाही म्हणजे पाणी निर्धोक, असंही ठरत नाही. म्हणून प्रत्येक वेळी उकळून गार केलेल्या पाण्याची एक कोरी बाटली सोबत ठेवायची. ती काळी झाली तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

घरोघरी आरओ आल्यापासून एक समज पक्का बसला आहे. टीडीएस मीटर दीडशे दाखवतो, म्हणजे पाणी चांगलं! तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचा एक थेंब बादलीत पडला तरी मीटरचा आकडा जवळजवळ तोच राहतो. शिवाय आरओ यंत्रातला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे ते पाणी उघड्या भांड्यात साठवलं तर त्यालाही राखण नसते. टीडीएसचा आकडा वहीत लिहायला माझी हरकत नाही, पण त्यावरून पाणी सुरक्षित ठरवलं तर गुण जातील.

आता मागच्या वर्षीच्या एका गटाची वही सांगते. त्यावरून गुणांचा मुद्दा नीट कळेल. त्यांनी एकाच सकाळी तीन ठिकाणी मोजलं. टाकीच्या तोंडाशी क्लोरीन 1.0, मधल्या गल्लीत 0.5, शेवटच्या नळाला शून्य. शेवटच्या नळाची बाटली दुसऱ्या दिवशी काळी झाली, टाकीची झाली नाही. गटाने लगेच लिहिलं, 'आमच्या गावाचं पाणी दूषित आहे.' हा निष्कर्ष मी परत दिला. एका नळाची एक बाटली गावाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय शेवटच्या नळाचं पाणी त्यांनी पाणी सुटल्या सुटल्या भरलं होतं, तर बाकीच्या दोन ठिकाणचं बऱ्याच वेळाने. तुलना बरोबरीची नव्हतीच.

मग त्यांनी शेवटच्या नळाला दोनदा मोजायचं ठरवलं: पाणी सुटताच एकदा आणि दहा मिनिटांनी पुन्हा, तेही वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या धारेत क्लोरीन शून्य आणि बाटली काळी. दहा मिनिटांनी 0.3 आणि बाटली तशीच. हे दर वेळी घडलं. म्हणजे टाकीतलं औषध पुरेसं होतं, ते इथवर पोहोचतही होतं. औषध कमी असतं तर दहा मिनिटांनीही शून्यच राहिलं असतं.

पहिल्या धारेला मग काय होत होतं? इथे दोन शक्यता उरतात. नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी येतं आणि बाकीचा वेळ पाइप रिकामा किंवा अर्धा भरलेला असतो. आत उरलेल्या पाण्यातला क्लोरीन रात्रभरात संपून जातो, ही एक शक्यता. दुसरी अधिक गंभीर: दाब नसताना जोडातल्या फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि जोड गटारापाशी असेल तर गटाराचं. गट लाइनच्या कडेने चालत गेला, नकाशा काढला, आणि एका घराचं कनेक्शन गटारातूनच गेलेलं त्यांना दिसलं. शेवटी त्यांनी लिहिलं की शेवटच्या गल्लीत पहिल्या धारेचं पाणी संशयास्पद आहे, गटारातल्या जोडातून घाण येत असण्याची शक्यता आहे, पण तो जोड उघडून पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. त्या शेवटच्या अर्ध्या वाक्याला मी सर्वाधिक गुण दिले. वही ग्रामपंचायतीला दाखवली ती त्यानंतर, आधी नाही.

गुण एकूण 50 आहेत. त्यांतले 20 नमुना घेण्याच्या पद्धतीला आणि नोंदवहीला. तारीख, पाणी सुटल्याची वेळ, नमुन्याची वेळ, नळाचं ठिकाण, आदल्या रात्रीचा पाऊस, हे सगळं जागेवरच लिहिलेलं हवं. तोटी पुसली का, बाटलीच्या झाकणाला आतून बोट लागलं का, हेही त्यातच. पुन्हा मोजणं आणि कोरी बाटली यांना 10. निष्कर्षाला 15, आणि तोंडी प्रश्नांना 5. तोंडीला मी गटातल्या कोणालाही वहीतली एखादी नोंद दाखवून 'हे कसं मोजलं?' एवढंच विचारते. सगळं काम एकट्याने केलं असेल तर तिथे कळतं.

पाणी चांगलं निघालं की वाईट, यावर एकही गुण अवलंबून नाही. सगळ्या नळांना क्लोरीन सापडला आणि एकही बाटली काळी झाली नाही, तरी पूर्ण गुण मिळू शकतात. थर्माकोलची टाकी, रंगीत छापील मुखपृष्ठ, विकत आणलेला तक्ता यांना काही नाही. जास्तच सुबक आकडे मात्र मी तपासते. डोळ्यांनी वाचलेला रंग दर वेळी तंतोतंत सारखा येत नाही. जून, ऑगस्ट आणि सप्टेंबर तिन्ही महिन्यांत प्रत्येक नळाला 0.5 लिहिलेलं असेल, तर वही घरी बसून भरली असण्याची शक्यता मोठी. अशा वहीला नोंदींचे गुण मिळत नाहीत, मग निष्कर्ष कितीही चांगला लिहिलेला असो. हे कठोर वाटेल. पण खोटा आकडा एकदा आत आला की त्यावरचं सगळं तर्कशास्त्र वाया जातं, आणि पाण्याच्या बाबतीत त्याची किंमत लहान बाळ असलेल्या घराला मोजावी लागते.

घरच्या माठाचंही एक मोजमाप आहे. नळाला 0.2 असलेलं पाणी माठात काही तासांत शून्यावर येऊ शकतं. पेला हातासकट बुडवत असतील तर बाटलीही काळी होऊ शकते. तुमच्या घरचा आकडा वर्गात नावानिशी वाचला जाणार नाही. ओगराळं वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या घरांची तुलना मुलं स्वतःच करतील.

तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्या आहेत. पाणी सुटायच्या वेळी मुलाला उठवा आणि गल्लीत जाऊ द्या. काळी झालेली बाटली घरी उघडू नका, ती मोरीत ओतू नका. शाळेत पाठवा, टीसीएलच्या द्रावणाने निर्जंतुक करूनच ती टाकली जाईल. तुमच्या नळाच्या पाण्याची बाटली काळी झाली, तर निकाल पक्का होईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळून घ्या. आणि वहीतला एखादा आकडा चुकीचा वाटला तर मुलाला तो खोडू देऊ नका. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि कारण लिहायला सांगा. जुना आकडा मला वाचता आला पाहिजे.