फांदी हद्दीवर कापायची नसते

नाशिकला माझ्या मावशीच्या बंगल्याला लागून एक गुलमोहर आहे. झाड शेजारच्या प्लॉटमधलं, पण त्याच्या चार मोठ्या फांद्या मावशीच्या गच्चीवर आणि पाण्याच्या टाकीवर येतात. गेल्या काही वर्षांत कंपाउंडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली. शेजारचे मालक ठाण्याला राहतात आणि घर भाड्याने दिलेलं. त्यामुळे भिंतीवरून हाक मारून बोलण्याचा प्रश्नच नव्हता. पत्र लिहावं लागणार होतं. अशा पत्रात काय असावं, हे झाड आणि भिंत नीट पाहिल्याशिवाय ठरत नाही.

भेग मुळांमुळेच पडली असं सगळे धरून चालतात. नाशिकसारख्या काळ्या मातीच्या भागात ते नेहमी खरं नसतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायाची भिंत झाड नसतानाही तडकते. फरक ओळखता येतो. मातीमुळे पडलेली भेग ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते, मुळामुळे पडलेली फक्त वाढत जाते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून तारीख लिहायची आणि मे अखेर व पावसाळा संपताना अंतर मोजायचं. मुळाने पाया खालून उचलला असेल, तर भेग वर रुंद आणि खाली निमुळती असते. मावशीच्या भिंतीत वरच्या टोकाला पेन्सिल आरपार जात होती, जमिनीजवळ नख शिरत नव्हतं. ओळंबा सोडला तेव्हा भिंत झाडापासून दूर, मावशीच्या अंगणाकडे दोन इंच कललेली निघाली. मग भेगेखाली हाताने दीड फूट खणलं, तर मनगटापेक्षा जाड मूळ पायाला घासून आडवं गेलेलं दिसलं. गुलमोहराची मुळं उथळ आणि पसरट असतात, दरवर्षी थोडी जाड होतात आणि पायाला वर रेटतात. याचा फोटो पट्टी ठेवून काढला. पत्रातला सगळ्यात बोलका पुरावा तोच ठरला.

यानंतर गवंड्याने सरळ सल्ला दिला: मूळ तोडा, भिंत बांधून टाका. हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. झाडाच्या बुंध्याचा घेर साडेचार फूट, म्हणजे व्यास सुमारे सतरा इंच. बुंध्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतरातली जाड मुळं तोडू नयेत आणि पाचपटीच्या आतही शक्यतो हात लावू नये, असा झाडांची निगा राखणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. तिप्पट म्हणजे सव्वाचार फूट, पाचपट म्हणजे सात फूट. भिंत बुंध्यापासून पाच फुटांवर होती. तिथलं जाड मूळ तोडलं असतं तर झाडाचा एका बाजूचा आधारच गेला असता, आणि पहिल्या वादळी पावसात गुलमोहर दोघांपैकी कोणाच्या तरी घरावर आला असता. मूळ तसंच ठेवून भिंत त्याच्यावरून नेता येते. तडकलेला पाच फुटांचा भाग उतरवायचा, मुळाच्या दोन्ही बाजूंना छोटे पाये घ्यायचे, त्यांवर आरसीसीचा बीम टाकायचा आणि बीम व मूळ यांच्यात चार-सहा इंच मोकळी जागा ठेवायची. मूळ जाड होत राहिलं तरी भिंतीला लागत नाही.

आता फांद्या. आपल्या हद्दीत आलेली फांदी शेजाऱ्याच्या जागेत न शिरता हद्दीपर्यंत कापता येते, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1894 मध्ये लेमन विरुद्ध वेब या खटल्यात मान्य केलं. मात्र महाराष्ट्रात शहरी भागाला 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात तोडण्याच्या व्याख्येत येतं. म्हणून छाटणीसाठीही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते आणि अर्जावर झाडाच्या मालकाची सही असली तर काम सोपं होतं.

कायदा बाजूला ठेवला तरी हद्दीवर फांदी कापणं झाडाच्या दृष्टीने चुकीचंच आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कंगोरा असतो. जखम भरून काढणारा भाग तोच. त्याच्या अगदी बाहेरून कापलं तर जखम हळूहळू मिटते. अध्येमध्ये कापलं तर उरलेला खुंट कुजतो आणि ती कूज खोडात उतरते. गुलमोहराचं लाकूड मुळात ठिसूळ, त्यात कुजलेलं खोड. कापण्याची योग्य जागा जवळजवळ नेहमीच शेजाऱ्याच्या हद्दीत, खोडापाशी असते. शिवाय एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर झाडाचं वजन दुसरीकडे झुकतं, म्हणून पलीकडूनही थोड्या उतरवाव्या लागतात. हे दोन्ही मालकांच्या संमतीशिवाय होऊच शकत नाही. पत्रात ‘दोघांनी मिळून’ हे शब्द येतात ते एवढ्यासाठी.

मावशीने पाठवलेलं पत्र असं होतं:

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.
आपल्या आवारातल्या गुलमोहराच्या चार फांद्या आमच्या गच्चीवर आल्या आहेत. त्यांतली एक पाण्याच्या टाकीच्या अगदी वर आहे. झाडाचं एक मूळ सामाईक भिंतीच्या पायाखालून गेल्यामुळे भिंत तडकली असून आमच्या बाजूला दोन इंच कलली आहे. फोटो आणि मोजमापं सोबत जोडली आहेत. झाड तोडावं अशी आमची मुळीच इच्छा नाही. मूळही न तोडता भिंत दुरुस्त करता येते.
माझी विनंती अशी: आपण एकदा येऊन झाड आणि खणलेली जागा स्वतः पाहावी. योग्य वाटल्यास छाटणीच्या परवानगीचा अर्ज आपल्या नावाने करावा; कागदपत्रांची धावपळ आम्ही करू. छाटणीचा खर्च निम्मा-निम्मा आणि लाकूड आपलं. भिंत सामाईक असल्याने तिचा खर्चही निम्मा धरला आहे, पण त्यावर भेटीत बोलू. पावसाआधी काम उरकावं म्हणून या महिन्यात आपल्याला सोयीची तारीख कळवावी.
कळावे, लोभ असावा.

पत्रात ‘नुकसानभरपाई’ हा शब्द नाही, तो मुद्दाम टाळला. पहिल्याच पत्रात तो आला की समोरचा माणूस झाड पाहायला येण्याआधी वकिलाकडे जातो. भिंत सामाईक आहे की नाही, हे मात्र लिहिण्याआधी मोजणीच्या नकाशावरून पाहून घ्यावं. ती पूर्णपणे आपल्या जागेत असेल तर निम्म्या खर्चाची भाषा बदलावी लागते.

काका आले. खड्ड्यातलं मूळ पाहिल्यावर त्यांनी अर्जावर सही केली. परवानगी आल्यावर छाटणीवाल्याने जड फांदी तीन कापांत उतरवली: आधी खोडापासून फूटभर बाहेर खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून आरपार, आणि शेवटी कंगोऱ्याशी उरलेला खुंट. खालचा काप आधी घेतला नाही तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. त्याआधी फांद्यांवर घरटी नाहीत ना, हे पाहिलं गेलं, कारण पावसाळ्याआधी पक्ष्यांची वीण चालू असते.

उत्तर आलंच नाही तर तेच पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने पुन्हा पाठवावं आणि त्याची प्रत जोडून वृक्ष अधिकाऱ्याकडे स्वतः अर्ज करावा. झाडच पडण्याच्या बेतात असेल तर वाट पाहत बसू नये. शेजाऱ्यांच्या जिवाला धोका असलेलं झाड हटवण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात.