टोमणा पोचावा म्हणून

मिरा-भाईंदरच्या एखाद्या घरात एक मावसभाऊ मराठीत लिहितो, दुसरा गुजरातीत. त्यांच्या बोलण्यात कळणारा टोमणा लेखी संदेशात फसतो, कारण तो आवाजात असतो. मानसशास्त्रज्ञ क्रुगर, एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात ईमेलमधले वाक्य उपरोधाचे की गंभीर, हे वाचकांनी जेमतेम ५६ टक्के वेळा बरोबर ओळखले. लिहिणाऱ्यांची अपेक्षा ७८ टक्क्यांची होती. डोळा मिचकावणारा चेहरा जोडला की झाले, असे कोणी म्हणेल. पण नुसत्या ‘किती वेळेवर आलास!’पुढे तो शाबासकीचाही वाटू शकतो. ‘भाईंदर स्टेशनवर तासभर उभा होतो, किती वेळेवर आलास!’ असे लिहिले, तर वस्तुस्थितीच शब्द उलटवते. यात गंमत जाते, हे मला पटत नाही. उलट धार येते. मात्र भाऊ खरोखर दुखावला असेल, तर फोनच करा.