एकोणचाळीस टक्के कशाचे?

ऑगस्ट 2023 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या चाचणीचं नाव ‘रेशन्स’. क्षयरोग्याच्या घरातल्या इतर माणसांना पोटभर अन्न मिळालं, तर त्यांना होऊ शकणारा क्षयरोग टळतो का, हा तिचा प्रश्न होता. निबंधाच्या सारांशात दोन आकडे लगेच डोळ्यांत भरतात: 39 टक्के आणि 48 टक्के. दीडशे शब्दांच्या जागेत ही बातमी सामान्य वाचकाला सांगायची असेल, तर असे आयते आकडे मोठा आधार वाटतात. ‘सकस आहाराने टीबी बरा’, ‘टीबीचा धोका निम्म्यावर’ असे मथळेही पटकन सुचतात. त्यातला पहिला साफ चूक आहे आणि दुसरा अर्धवट.

चूक कुठे आहे, ते सारांशात सापडत नाही. त्यासाठी चाचणी कशी केली, हे सांगणारा भाग आधी वाचावा लागतो. अनुभवी विज्ञानलेखक निष्कर्षाकडे वळण्यापूर्वी तिथे एकच गोष्ट शोधतो: कोणाला काय दिलं आणि तुलना कोणाशी केली?

झारखंडच्या चार जिल्ह्यांतले क्षयरोग कार्यक्रमाचे 28 विभाग चाचणीत होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते दोन गटांत वाटले गेले. फुप्फुसाचा क्षयरोग झालेल्या 2,800 रुग्णांना दोन्ही गटांत औषधोपचार सुरू होते आणि दरमहा शिधाही मिळत होता. फरक होता तो फक्त घरच्यांच्या बाबतीत. एका गटात घरातल्या प्रौढ माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वं व खनिजांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातले घरचे लोक नेहमीचंच जेवण जेवत राहिले.

एवढं कळलं की पहिला मथळा आपोआप बाद होतो. आजारी माणूस अन्नाने बरा होतो का, हे या चाचणीने तपासलंच नाही. तिने मोजलं ते त्याच्या घरातल्या निरोगी माणसांचं पुढे काय झालं. सरकारच्या पोषण योजनेचे पैसे रुग्णाच्या खात्यात जमा होतात, हे वाचकाला ठाऊक असतं. त्यामुळे ‘घरच्यांना’ हा शब्द पहिल्याच वाक्यात आला नाही, तर त्यात नवीन काय, असंच त्याला वाटेल.

आता आकडे. शिधा न मिळालेल्या गटात 4,712 जणांपैकी 122 जणांना, तर शिधा मिळालेल्या गटात 5,602 जणांपैकी 96 जणांना क्षयरोग झाला. टक्क्यांत मांडलं तर 2.6 आणि 1.7. वाचकासाठी ते हजारात सांगणं सोपं: एकीकडे हजारामागे 26, दुसरीकडे 17. नुसतं ‘39 टक्के घट’ असं छापलं, तर शंभरातल्या 39 जणांचा आजार टळला, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात हजारामागे नऊ जण वाचले. संशोधकांनीच काढलेला हिशेब असा, की एका माणसाचा क्षयरोग टाळायला सुमारे 30 घरांतल्या 111 जणांना शिधा द्यावा लागेल. हा आकडा 39 टक्क्यांइतका भपकेबाज नाही, पण खर्चाचा विचार करणाऱ्या माणसाला तोच जास्त उपयोगी पडतो.

इथे चौकस वाचक एक शंका काढेल. 26 वरून 17 म्हणजे घट साधारण 35 टक्क्यांची. मग 39 कुठून आले? चूक कोणाचीच नाही. संशोधकांनी प्रत्येक माणसावर किती काळ लक्ष ठेवलं गेलं, हे धरून आजाराचा दर काढला आणि 28 विभागांत झालेली वाटणीही हिशेबात घेतली. सारांशात याचं गणित मांडायला जागा नसते. पण दोन्ही आकडे द्यायचे असतील, तर त्यांना जोडणारं एक वाक्य हवंच. शिवाय निबंधात 39 एकटा येत नाही. खरी घट 15 ते 57 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, असं तिथेच नोंदवलेलं आहे. आणि 48 टक्के? तो आकडा फक्त फुप्फुसाच्या, तपासणीत जंतू सापडलेल्या क्षयरोगाचा आहे. ‘निम्म्यावर’ हा मथळा म्हणूनच अर्धवट.

आकड्यांनंतर क्रियापदाकडे पाहावं लागतं. याच चाचणीतल्या रुग्णांवर ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये वेगळा निबंध आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा दर 61 टक्क्यांनी कमी आढळला. दोन्ही निबंध एकाच बातमीत आले, की ‘शिध्यामुळे मृत्यू 61 टक्क्यांनी घटले’ असं वाक्य लिहिलं जाण्याचा धोका असतो. पण शिधा तर सगळ्याच रुग्णांना मिळाला होता. तुलनेला शिध्याविना राहिलेला गटच नव्हता. शिवाय जे फार आजारी होते, त्यांचं वजन मुळातच कमी वाढलं असू शकतं. म्हणून घरच्यांबद्दल ‘शिध्यामुळे क्षयरोग कमी झाला’ असं लिहिता येतं, तर रुग्णांबद्दल ‘वजन वाढलेल्यांत मृत्यू कमी दिसले’ एवढंच.

राहिल्या मर्यादा. चाचणीतले सुमारे दोन तृतीयांश लोक आदिवासी समाजातले होते आणि घरच्यांपैकी 34 टक्के कुपोषित होते. कोणाला शिधा मिळतो आहे, हे सगळ्यांना दिसत होतं, कारण तांदळाची पोती लपवता येत नाहीत. यातली पहिली मर्यादा वाचकाच्या थेट कामाची आहे, म्हणून जागा तिला द्यायची.

हे सगळं धरून सारांश लिहिला, तर तो असा होतो:

“क्षयरोग्याच्या घरातल्या इतरांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्यास त्यांना क्षयरोग होण्याचं प्रमाण घटतं, असं झारखंडमधल्या चाचणीत आढळलं आहे. रुग्णांच्या घरातल्या सुमारे दहा हजार जणांवर संशोधकांनी साधारण दोन वर्षं लक्ष ठेवलं. औषधं आणि शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला. घरच्यांना मात्र दोनपैकी एकाच गटात. शिधा न मिळालेल्या घरच्यांत हजारामागे 26 जणांना, तर मिळालेल्यांत 17 जणांना क्षयरोग झाला. प्रत्येकावर किती काळ लक्ष ठेवलं हे धरून संशोधकांनी ही घट 39 टक्के असल्याचं म्हटलं आहे. या घरांतला दर तिसरा माणूस कुपोषित होता. खात्यापित्या घरांत इतकाच फायदा होईल का, हे या चाचणीतून कळत नाही.”

छापायला देण्यापूर्वी हा मजकूर विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला वाचायला द्यावा आणि कागद बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत. शिधा कोणाला मिळाला? आजार कोणाचा टळला? हजारात किती जणांचा? ‘रुग्णांचा’ असं उत्तर आलं, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहायचं; ‘39 जणांचा’ असं आलं, तर हजाराचे आकडे टक्क्यांच्या आधी आणि ठळक करायचे. मथळा बहुतेकदा वृत्तसंपादकाच्या टेबलावर ठरतो, म्हणून मजकुरासोबत आपलाही एक मथळा पाठवलेला बरा: ‘क्षयरोग्याच्या घरच्यांना शिधा दिल्यास आजाराचा प्रसार घटतो’ असा नव्हे, कारण प्रसार कोणी मोजलाच नव्हता, तर ‘शिधा मिळालेल्या क्षयरोग्यांच्या घरच्यांत आजार कमी’ असा.