समोरचा चेहरा हलत नाही तेव्हा

प्रयोगशाळेत आलेल्या धडधाकट माणसाला हमखास ताण कसा आणायचा, या प्रश्नावर जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यात विजेचा झटका नाही आणि थंडगार पाणीही नाही. आहे ती नोकरीची मुलाखत. आलेल्या माणसाला दहा मिनिटे तयारीला मिळतात. मग तीन परीक्षकांसमोर उभे राहून, या नोकरीसाठी आपणच कसे योग्य आहोत, हे त्याने पाच मिनिटे सांगायचे असते. परीक्षकांना हसायचे नाही, मान डोलवायची नाही, धीर द्यायचा नाही, असे बजावलेले असते. त्यानंतर पाच मिनिटे १०२२ मधून १३ वजा करत जायचे, तेही मोठ्याने. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याने हृदयाचे ठोके वाढतात आणि लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होते. ताणाचा अभ्यास करणारे आजही जगभर हीच चाचणी वापरतात.

म्हणजे मुलाखतीत घसा कोरडा पडणे हा उमेदवाराच्या स्वभावातला दोष नव्हे. कोणीतरी आपले मोजमाप करते आहे आणि त्याचा निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की शरीर संकट आल्यासारखे वागते. अ‍ॅड्रेनलिनमुळे छाती लगेच धडधडू लागते. कॉर्टिसॉल मागाहून, काही मिनिटांनी वाढते. याच वेळी मनातली ‘पाटी’, म्हणजे बोलता बोलता पुढचे वाक्य धरून ठेवणारी स्मृती, अपुरी पडते. त्यामुळे पाठ असलेले उत्तर निसटते आणि बाहेर आल्यावर जिन्यात सगळे आठवते.

याच चाचणीचा दुसरा प्रयोग तयारीच्या दृष्टीने जास्त उपयोगाचा आहे. १९९५ मध्ये वीस निरोगी पुरुषांना ती लागोपाठ पाच दिवस द्यायला लावली. त्यांपैकी तेराजणांच्या शरीराची कॉर्टिसॉलची उसळी दुसऱ्याच दिवशी बरीच खाली आली. उरलेल्या सातजणांची मात्र पाचही दिवस वाढतच राहिली. प्रयोग लहान आहे आणि फक्त पुरुषांवरचा आहे, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभी करू नये. तरी दोन गोष्टी त्यातून दिसतात. बऱ्याच जणांचे शरीर त्याच प्रसंगाला लवकर सरावते, आणि काहींचे तेवढ्या सहज सरावत नाही. मित्रापुढे दिलेल्या अभिरूप मुलाखतीचा सगळा आधार पहिल्या गोष्टीत आहे. सराव प्रसंगाचा व्हायला हवा. अभ्यासिकेत बसून मनातल्या मनात उत्तरे वाचण्यात तो प्रसंगच नसतो. तिथे कोणी पाहत नाही आणि आवाजही फुटत नाही.

उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील एक कृषी पदवीधर मुलगी राज्यसेवेच्या मुलाखतीची तयारी करते आहे. नव्या पद्धतीत मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची आहे, तेव्हा इथले पाच-दहा गुणही पद बदलू शकतात. पुण्यातल्या अभ्यासिकेतली तिची मैत्रीण प्रश्न विचारायला तयार होते. पहिली बैठक खोलीवर. टेबलाच्या पलीकडे मैत्रीण, हातात अर्जाची प्रत, बाजूला रेकॉर्डिंग सुरू केलेला फोन. दार लोटून आत येण्यापासून सुरुवात.

“तुमच्याबद्दल सांगा,” या पहिल्या प्रश्नावर ती जवळजवळ तीन मिनिटे बोलते. त्यात शाळा येते, वडिलांची शेती येते, भावाची नोकरीही येते. “कृषी शिकून महसूल खात्यात कशाला?” याचे उत्तर तिने लिहून पाठ केलेले आहे. तिसऱ्या वाक्यात एक शब्द निसटतो आणि मागचे सगळेच कोसळते. मग प्रश्न येतो, “तुमच्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वर आणि माण. पावसात एवढा फरक कसा?” माणचा दुष्काळ तिने लहानपणापासून पाहिलेला आहे. सह्याद्री पश्चिमेकडून येणारे ढग अडवतो आणि पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत राहतो, हेही तिला माहीत आहे. पण ‘पर्जन्यछाया’ हा शब्द काही केल्या ओठांवर येत नाही. ती हसते आणि म्हणते, “थांब, परत पहिल्यापासून घेऊ या.”

अशा वेळी मैत्रिणीने नाही म्हणायला हवे. भीती टिपेला असताना प्रसंग सोडला, तर सुटका झाली की बरे वाटते एवढेच शरीर शिकते, आणि पुढच्या वेळी सुटकेची ओढ आणखी वाढते. अडखळत का होईना, तिथेच बसून राहिले की थोड्या वेळाने ठोके आपोआप उतरतात, आणि अनुभवायचे असते ते हेच उतरणे. म्हणून अभिरूप मुलाखत वीस-पंचवीस मिनिटे अखंड चालते. शब्द आठवला नाही, तर “डोंगरामुळे पाऊस अडतो, त्याच्या पलीकडचा हा भाग आहे,” असे साध्या भाषेत सांगून पुढे जायचे. खऱ्या मुलाखतीतही याहून वेगळे काही करता येत नाही.

प्रश्न विचारणाऱ्याचे काम वाटते तेवढे सोपे नाही. मैत्रीतला पहिला मोह मदतीचा: मान हलते, शब्द सुचवला जातो, डोळ्यांनी “बरोबर” सांगितले जाते. त्या खुणांवर उमेदवार नकळत टेकतो, आणि खऱ्या पॅनेलपुढे त्या नसल्या की हादरतो. दुसरा मोह उलट्या टोकाचा, टोचून बोलण्याचा. अपमान झालेल्या बैठकीतून भीतीच पक्की होते. मधला मार्ग कोऱ्या चेहऱ्याचा: शांत आवाज, नजर कागदावर किंवा उमेदवारावर, आणि दर वेळी पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरातल्याच एखाद्या शब्दाला धरून. बैठकीत एकदा तरी, उत्तर संपल्यावर दहा सेकंद काहीही बोलायचे नाही. ही शांतता भरून काढण्यासाठी उमेदवार नको ते बोलू लागतो का, हे तेव्हा दिसते.

बैठक संपल्यावर रेकॉर्डिंग दोघींनी एकत्र ऐकायचे. सूचनांची यादी करण्यात अर्थ नसतो. दर वेळी एक-दोन गोष्टीच धरायच्या. आपल्या मुलीला स्वतःच ऐकताना दोन गोष्टी कळतात. प्रश्न पूर्ण होण्याआधीच ती बोलायला लागते. आणि आवाजातला कंप, जो तिला शेवटपर्यंत जाणवत होता, तो फोनवर पहिल्या दीड मिनिटानंतर ऐकूच येत नाही. हे शोध पुष्कळांना लागतात. आपली घालमेल समोरच्याला लख्ख दिसते असे बोलणाऱ्याला वाटते, प्रत्यक्षात ती बरीच कमी दिसते. हा समज आधीच सांगितला तर भाषण देणाऱ्यांची कामगिरीही सुधारते, असे मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रयोगातून दाखवले होते.

मग रोजच्या सरावाची घडी बसते. लिहिलेली पूर्ण उत्तरे बाजूला ठेवायची आणि प्रत्येक अपेक्षित प्रश्नासाठी तीन शब्दांची चिठ्ठी करायची. परिचयासाठी ‘गाव, पदवी, महसूल का’ एवढे पुरते. या तीन खुंट्यांवर रोज वेगळी वाक्ये टांगत पाऊण मिनिटात उत्तर संपवायचे, आणि तेही मोठ्याने. वाक्य पाठ नसल्यामुळे शब्द निसटला तरी उत्तर कोसळत नाही. रोज पाच-सहा प्रश्न, वीस मिनिटे. मैत्रिणीबरोबर बसणे एक दिवसाआड. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत मात्र एक अडचण येते: मैत्रिणीच्या चेहऱ्याची सवय होते आणि प्रसंगातली धार जाते. तेव्हा मैत्रिणीच्या खोलीवर राहणारी, उमेदवाराला अनोळखी अशी एखादी मुलगी शेजारी बसवावी किंवा जागा बदलावी. एक बैठक मुलाखतीच्याच कपड्यांत आणि चपला-बुटांत घ्यावी. नवा बूट चावतो हे त्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

श्वासाचा भाग यानंतर येतो, कारण तो एकट्याने फार काही करू शकत नाही. त्याचे काम पहिली दोन-तीन मिनिटे सांभाळण्याचे. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगाने चालते आणि सोडताना मंदावते. सोडताना व्हेगस या चेतातंतूचा लगाम घट्ट होतो. म्हणून सोडणे लांबवायचे. नाकाने चार सेकंद श्वास घ्यायचा आणि सहा सेकंद सावकाश सोडायचा. असे मिनिटाला सहा श्वास होतात. पोट बाहेर येते आणि खांदे जागच्या जागी राहतात, ही बरोबर जमल्याची खूण.

चूक बहुधा “खोल श्वास घे” या सल्ल्यातूनच होते. घाबरलेला माणूस भराभर आणि छाती भरून श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मग बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि हे काहीतरी भलतेच होते आहे असे वाटून भीती दुप्पट होते. मुंग्या आल्या तर श्वास लहान आणि हळू करायचा, मोठा नव्हे. श्वास रोखून धरण्याचे प्रकारही अशा वेळी पुष्कळांना घुसमटवतात, तेव्हा ते वगळलेले चालतात.

ही लय रोज पाच मिनिटे, मन शांत असताना बसवावी लागते. ऐन दारापाशी पहिल्यांदा केली तर तिचे आकडे मोजणे हीच नवी धावपळ होते. अभिरूप मुलाखतीत दार उघडण्याआधी पाच-सहा श्वास घ्यायचे, म्हणजे श्वास आणि दार यांची सांगड बसते. आत गेल्यावर मोजणे बंद. तिथे एकच युक्ती पुरते: प्रश्न संपला की आधी हलकेच श्वास सोडायचा आणि मग तोंड उघडायचे. प्रश्नाच्या मध्येच बोलू लागण्याची सवयही याने सुटते.

पाच-सहा बैठका होऊनही भीती तसूभर हलली नाही, आदल्या रात्री झोप उडते, उलट्या होतात किंवा मुलाखतच चुकवावीशी वाटते, तर मैत्रिणीची मदत पुरेशी नाही. अशांसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे टप्प्याटप्प्याने प्रसंगाला सामोरे जाण्याचे उपचार असतात. मुलाखतीआधी घ्यायची म्हणून मित्राकडून मिळालेली धडधड कमी करणारी गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. या कामासाठी सर्रास घेतले जाणारे प्रोप्रानोलॉल दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळू शकते, आणि आपल्याला सौम्य दमा आहे हे काहींना ठाऊकही नसते.