'असल्यास प्राधान्य' या ओळीला किती गुण?

नोकरीच्या जाहिरातीत दोन तऱ्हेच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. काहींच्या मागे 'आवश्यक' असतं, काहींच्या मागे 'असल्यास प्राधान्य'. अर्ज छाननीला बसल्यावर मात्र सगळ्यांना सारखाच एक गुण दिला जातो आणि घोटाळा तिथेच होतो.

एका छोट्या कारखान्याला हिशेबनीस हवा आहे, असं धरू. आवश्यक ओळी चार: बी.कॉम., टॅली, जीएसटी रिटर्न भरण्याचा अनुभव आणि बँकेच्या खात्याचा ताळमेळ. प्राधान्याच्या सहा: एक्सेल, इंग्रजी पत्रव्यवहार, पगारपत्रक, एसएपी, कारखान्यातला अनुभव, स्वतःची दुचाकी.

पहिल्या उमेदवाराने जीएसटीचं काम कधी केलेलं नाही. आवश्यकपैकी त्याच्याकडे तीन गोष्टी आहेत, प्राधान्याच्या पाच. दुसरीकडे आवश्यक चारही आहेत, प्राधान्याच्या दोनच. सरसकट एकेक गुण दिला, तर तो ८, ती ६. म्हणजे रिटर्न भरता न येणारा पुढे!

मग आवश्यक ओळीला तीन गुण देऊन पाहू. त्याचे ९ अधिक ५, तिचे १२ अधिक २. दोघंही १४ वर! वजन वाढवूनही दुचाकी आणि एसएपीने जीएसटीची उणीव भरून काढलीच. कारण बेरजेत एकीकडची तूट दुसरीकडून भरता येते. ती भरता येऊ नये असं वाटत असेल, तर एका आवश्यक ओळीचं वजन प्राधान्याच्या सगळ्या ओळींच्या एकत्रित वजनापेक्षा जास्त हवं. इथे सहाच्या वर, म्हणजे सात. आता तो २६, ती ३०.

याहून सोपा मार्ग दोन चाळण्यांचा. आधी फक्त आवश्यक ओळी तपासायच्या. त्यातून जे उतरतील त्यांनाच प्राधान्याचे गुण द्यायचे आणि क्रम लावायचा.

पण पहिली चाळणी निर्दय असते, म्हणून तिच्यात काय घालायचं ते जपून ठरवावं लागतं. प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारावा: हे येत नसेल, तर पहिल्याच महिन्यात काम अडेल का? या कारखान्यात रिटर्नची तारीख दर महिन्याला येते आणि ते भरणारं दुसरं कुणी नाही, म्हणून जीएसटी आवश्यक. एक्सेलमधली अवघड सूत्रं आठवड्या-दोन आठवड्यांत शिकवता येतात, म्हणून ती प्राधान्यात. दहाच्या दहा ओळी 'आवश्यक' केल्या, तर चाळणीतून कुणीच उतरत नाही. मग घाईघाईत कुठली तरी अट सोडली जाते, आणि ती कुठली हे कुणी आधी ठरवलेलं नसतं.

आणखी एक सावधगिरी. 'करविषयक कामे पाहिली' एवढंच अर्जात असेल, तर जीएसटी येतं की नाही ते कळत नाही. अशा ओळीपुढे शून्य मांडण्याऐवजी प्रश्नचिन्ह टाकावं आणि अर्ज बाद करण्याआधी एक फोन करावा.