आठ मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या दोघी आणि त्यांच्या दोन पत्रिका

जुळ्यांची पत्रिका समोर आली की ज्योतिषाला पहिला प्रश्न ठरलेला असतो. दोघांचा जन्म एका गावचा, एका दिवसाचा, मध्ये मोजकी मिनिटे; मग एकीचे लग्न चोविसाव्या वर्षी आणि दुसरीचे चौतिसाव्या वर्षी का होते? ज्योतिषशास्त्राचे त्यावरचे उत्तर असे, की ग्रह हळू चालतात, पण पूर्व क्षितिज त्यांच्यासाठी थांबत नाही. जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचा बिंदू म्हणजे लग्न, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हा बिंदू सरासरी चार मिनिटांत एक अंश पुढे सरकतो. तेवढ्या वेळात शनी-गुरू जागचे हललेही नसतात. चंद्र सर्वांत चपळ, पण तोही आठ मिनिटांत चार-पाच कलांपेक्षा जास्त पुढे जात नाही.

याचा अर्थ असा, की जुळ्यांच्या पत्रिकेत चंद्ररास, नक्षत्र आणि ग्रहांच्या राशी जवळजवळ नेहमी एकच निघतात. बदललेच तर लग्न आणि त्यावरून मोजली जाणारी स्थाने बदलतात. पण किती मिनिटांनी काय बदलेल, हे नुसत्या मिनिटांवरून सांगता येत नाही. लग्नाचा बिंदू त्या वेळी राशीत नेमका कुठे होता, यावर सगळे अवलंबून असते.

एक पत्रिका मांडूनच पाहू. माणसे कल्पित आहेत, आकाश मात्र खरे आहे. २ मे १९९६, पुणे. थोरलीचा जन्म दुपारी ३ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास, धाकटीचा त्यानंतर आठ मिनिटांनी. त्या दिवशी मंगळ मेष राशीत सहा अंशांवर होता, शनी मीनेत नऊ अंशांवर, गुरू स्वतःच्या धनू राशीत. चंद्र तूळ राशीत. दोघींना हेच ग्रह मिळाले.

चित्रापक्षीय अयनांशाने थोरलीचे लग्न येते सिंह, साधारण २९ अंश १० कला. सिंह रास संपत आली आहे. आठ मिनिटांत लग्न पावणेदोन अंशांहून थोडे अधिक सरकते आणि धाकटीचे लग्न कन्या राशीत सुमारे एका अंशावर जाते. अशा जागेला राशिसंधी म्हणतात. इथे आठ मिनिटांत बाराही स्थाने एका घराने सरकली.

विवाहासाठी सप्तम स्थान पाहायचे. थोरलीचे सप्तम स्थान कुंभ, त्याचा स्वामी शनी, आणि तो मीनेत म्हणजे अष्टमात. सप्तमेश अष्टमात म्हटल्यावर बहुतेक ज्योतिषी विलंब, सासरकडची ओढाताण, जोडीदाराच्या प्रकृतीची काळजी असे काहीतरी सांगतात. मंगळ तिच्या नवमात आहे, म्हणजे मंगळदोष नाही. शिवाय धनूतल्या गुरूची नववी दृष्टी तिच्या लग्नावर आहे, त्यामुळे स्वभावात समजूतदारपणा येतो असे म्हटले जाईल.

धाकटीचे सप्तम स्थान मीन, स्वामी गुरू, आणि तो स्वराशीत चतुर्थात, केंद्रात. घर, संसार, सासरची माणसे यांच्या दृष्टीने हा चांगला योग. पण शनी तिच्या सप्तमात येऊन बसला आहे आणि तिथून थेट लग्नावर पाहतो आहे. म्हणजे उशिरा विवाह, वयाने मोठा किंवा गंभीर जोडीदार. आणि मंगळ? तो आता अष्टमात आहे. आपल्याकडे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानात मंगळ असला की पत्रिका मंगळाची मानतात. त्यातही मुलीच्या अष्टमातला मंगळ अनेक घरांत फार मनावर घेतात. मेष ही मंगळाची स्वतःची रास असल्याने दोष राहत नाही असे बरेच ज्योतिषी म्हणतील, पण ‘मंगळ आहे’ हे दोन शब्द कानावर पडले की स्थळ पुढे सरकत नाही, हे ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्यांना सांगायला नको. एका गर्भातल्या दोघी, त्यातली एक बिनमंगळाची आणि दुसरी मंगळाची.

आता नवमांश. प्रत्येक राशीचे नऊ समान भाग केले की एक नवमांश ३ अंश २० कलांचा होतो. तो ओलांडायला लग्नाला सरासरी सव्वातेरा मिनिटे लागतात. पण सगळ्या राशी सारख्या वेगाने उगवत नाहीत. पुण्याच्या अक्षांशावर मीन रास शंभर मिनिटांच्या आत उगवून जाते, तर वृश्चिकेला दोन तासांहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून मीनेतला नवमांश अकरा मिनिटांत बदलतो आणि वृश्चिकेतला पंधरा मिनिटांच्या आसपास टिकतो. विवाह आणि जोडीदार यांचा सूक्ष्म विचार नवमांश कुंडलीवरून करायचा, हा जुना नियम.

अग्निराशींचे नवमांश मेषेपासून मोजतात. सिंह अग्निराशी, तिचा शेवटचा म्हणजे नववा नवमांश धनूचा. थोरलीचे नवमांश लग्न म्हणून धनू, आणि तिथून सप्तम मिथुन, स्वामी बुध. पृथ्वीराशींचे नवमांश मकरेपासून सुरू होतात, त्यामुळे कन्येच्या पहिल्याच नवमांशात जन्मलेल्या धाकटीचे नवमांश लग्न मकर, सप्तम कर्क, स्वामी चंद्र. थोरलीचा जोडीदार बोलका, हिशेबी, व्यवसायात रमणारा. धाकटीचा भावनाशील, घरात गुंतणारा. नवमांशातले ग्रह दोघींचे त्याच राशीत आहेत, फक्त घरे एकेक सरकली आहेत.

इथपर्यंतचे वाचन ऐकून कोणालाही वाटेल, की बघा, शास्त्रात जुळ्यांचे उत्तर आहे. पण याच दोघींचा जन्म त्याच दिवशी तासभर आधी झाला असता, तर? समजा थोरलीचे लग्न सिंहेत १४ अंशांवर असते. आठ मिनिटांनी धाकटीचे जवळपास १६ अंशांवर आले असते. दोघींचे लग्न सिंह, आणि १३ अंश २० कला ते १६ अंश ४० कला हा सिंहेचाच नवमांश असल्याने दोघींचे नवमांश लग्नही सिंह, म्हणजे वर्गोत्तम. आठ मिनिटे तीच, पण लग्नकुंडली एक, नवमांश एक, विवाहाचे वाचनही एक. अंतर मोठे असूनही काही बदलत नाही आणि अंतर छोटे असूनही सगळे बदलते, ही दोन्ही टोके या पद्धतीच्या रचनेतच आहेत.

शिवाय संधीवरचा तो मोठा बदल पूर्ण खराही नसतो. त्यासाठी भावचलित कुंडली पाहावी लागते, आणि घाईत तीच बघायची राहते. चलितात लग्नाचा अंश पहिल्या भावाच्या मध्यावर धरतात आणि भाव त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे पंधरा अंश पसरतो. थोरलीचे लग्न सिंहेच्या अखेरीस असल्यामुळे तिचा आठवा भाव मीनेच्या मध्यापासून मेषेच्या मध्यापर्यंत येतो. मेषेतला सहा अंशांचा मंगळ त्यात बसतो. म्हणजे चलितात थोरलीचाही मंगळ अष्टमात! आणि मीनेत नऊ अंशांवरचा शनी तिच्याही सप्तम भावात येतो. लग्नकुंडलीने दोघींमध्ये उभी केलेली भिंत चलितात बरीच खाली येते. भावांचे स्वामी वेगळे राहतात, पण ‘एकीला मंगळ, एकीला नाही’ हा निवाडा टिकत नाही.

पुढे अयनांशाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात दाते पंचांग चित्रापक्षाने चालते, टिळक पंचांग रैवतपक्षाने. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. रैवतपक्षाने दोघींची लग्ने चार अंशांनी पुढे जातात आणि दोघींचे लग्न कन्याच येते. ज्या आठ मिनिटांवर एवढे मोठे भाकीत उभे होते, ते पंचांग बदलताच उरत नाही.

आणि ती मिनिटे तरी खात्रीची असतात का? जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ रुग्णालयाच्या कागदावर असते आणि ती कोणाच्या तरी घड्याळातली असते. बाळ बाहेर आल्याचा क्षण, पहिले रडणे, नाळ कापणे, यातले काय नोंदले ते कोणी लिहून ठेवत नाही. जुळ्यांच्या सिझेरियनमध्ये तर दोन बाळांत एक-दोन मिनिटांचेच अंतर असते, आणि नोंदीतली चूक त्याहून मोठी असू शकते. तिथे नवमांश अपुरा पडतो. मग कृष्णमूर्ती पद्धतीचे ज्योतिषी नक्षत्राचे नऊ विषम भाग करून सप्तम भावारंभाचा उपस्वामी शोधतात. त्यातला सर्वांत लहान भाग चाळीस कलांचा, म्हणजे अडीच-पावणेतीन मिनिटांचा. काही जण धाकट्याची पत्रिका तृतीय स्थानाला लग्न मानून वाचतात. साधन जितके सूक्ष्म, तितकी वेळही अचूक हवी, आणि तीच हाताशी नसते. म्हणून घडलेल्या घटनांवरून वेळ ‘शुद्ध’ करून घेतात. पण आधी विवाहाची तारीख विचारून मग तिला जुळेल अशी वेळ निवडली, तर त्या पत्रिकेने विवाह सांगितला असे म्हणता येत नाही. वेळ शुद्ध केल्यावर, न सांगितलेली पुढची घटना ती पत्रिका आधी सांगते का, एवढीच तिची खरी परीक्षा.

एक गोष्ट मात्र जुळ्यांत सहसा वेगळी होत नाही, ती म्हणजे छत्तीस गुणांचे गुणमेलन. ते सर्वस्वी चंद्राच्या राशी-नक्षत्रावर चालते. त्यामुळे एकाच मुलाशी या दोघींचे गुण काढले, तर आकडा एकच येईल. दशेतही फरक थोडाच. जन्म शुक्राच्या वीस वर्षांच्या महादशेत झाला असला, तरी चंद्राच्या चार-पाच कलांनी दशा जेमतेम सव्वा महिना मागेपुढे होते. त्यावरून दोघींच्या विवाहात दहा वर्षांचे अंतर काढता येत नाही.

जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना पत्रिका देऊन हुशार आणि मतिमंद मुले ओळखायला सांगितली होती. निकाल नाणेफेकीपेक्षा चांगला आला नाही. तो प्रयोग विवाहाचा नव्हता, पण ज्या पत्रिकेवर स्थळ नाकारले जाते तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे त्यावरून कळते.

तुमच्या घरी जुळ्यांपैकी एकीची पत्रिका आली आणि कोणी मंगळ सांगून स्थळ बाजूला ठेवायला निघाले, तर लग्नाचा अंश किती आहे ते विचारा. तो राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन अंशांत असेल, तर चलित मांडायला सांगा, बहिणीची पत्रिका शेजारी ठेवायला सांगा आणि वेळ कोणत्या कागदावरून घेतली तेही विचारा. याची नीट उत्तरे मिळाली नाहीत, तर पत्रिका मिटून ठेवा आणि मुलीला भेटायला जा.